सूर्योदय गणिताने, घड्याळ नकाशाने

पंचांगाच्या पानावर सूर्योदयाची जी वेळ छापलेली असते, ती एका विशिष्ट शहराची असते. आपले गाव त्या शहरापासून दूर असेल तर ती वेळ आपली नव्हे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तीच साधारणपणे त्या दिवसाची तिथी मानतात. म्हणूनच एखादे व्रत आज की उद्या, हा प्रश्न कधी कधी काही मिनिटांवर येऊन ठेपतो.

महाराष्ट्राच्या दोन टोकांची दोन गावे घेऊ. रत्नागिरी सुमारे १६.९९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३० अंश पूर्व रेखांशावर आहे. गडचिरोली २०.१८ उत्तर आणि ८०.०० पूर्व. दोन्हीकडे भिंतीवरचे घड्याळ तेच. तरी १५ जानेवारीला गडचिरोलीत सूर्य ६.४८ला उगवतो आणि रत्नागिरीत ७.०९च्या सुमारास, म्हणजे २१ मिनिटांनी मागून. २१ जूनला हेच अंतर ३३ मिनिटे होते: गडचिरोलीत ५.३१, रत्नागिरीत ६.०४. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, आणि दोन गावांच्या रेखांशांत ६.७ अंशांचा फरक आहे. त्या हिशेबाने वर्षभर २७ मिनिटांचेच अंतर असायला हवे. मग हिवाळ्यात ते घटते का, उन्हाळ्यात वाढते का?

आज मोबाइलवर नकाशात बोट टेकवले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि ते दोन आकडे दिले की एखादे अ‍ॅप क्षणात स्थानिक सूर्योदय सांगते. या एका उत्तरामागे दोन वेगळी कामे असतात. सूर्य त्या जागी केव्हा उगवेल हे आकड्यांवरून गणिताने काढता येते. त्या क्षणी तिथल्या लोकांच्या घड्याळात किती वाजले असतील हे मात्र कोणत्याही गणितातून निघत नाही. ते सरकारांनी ठरवलेले असते आणि नकाशात पाहूनच कळते. ही दोन कामे वेगळी ठेवली की वरच्या कोड्याचे उत्तर मिळते, आणि चुकाही पकडता येतात.

आधी सूर्य

रत्नागिरीचा १५ जानेवारीचा सूर्योदय हाताने काढून पाहू. भारतीय प्रमाण वेळ तूर्त बाजूला ठेवायची आणि सगळे ग्रीनिचच्या जागतिक वेळेत मोजायचे. पंचांगकर्त्यांची जुनी भाषा इथे फार कामाची आहे. ते तीन संस्कार सांगतात: रेखांतर, वेलांतर आणि चर.

पहिला संस्कार रेखांतराचा. ७३.३० अंशांना प्रत्येकी चार मिनिटे म्हणजे २९३ मिनिटे, अर्थात ४ तास ५३ मिनिटे. रत्नागिरी ग्रीनिचच्या पूर्वेला आहे, म्हणून तिथला मध्यान्ह ग्रीनिचच्या आधी इतक्या वेळाने येतो. बारातून ४ तास ५३ मिनिटे वजा केली की ग्रीनिचच्या घड्याळात ७.०७ वाजतात.

दुसरा वेलांतराचा. सूर्य वर्षभर नेमका घड्याळाच्या ठोक्याला मध्यावर येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे, त्यामुळे जानेवारीत सूर्याजवळ असताना ती वेगाने सरकते आणि जुलैत संथ. शिवाय तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटे मागे. १५ जानेवारीला तो सुमारे ९ मिनिटे मागे आहे. म्हणून रत्नागिरीचा खरा मध्यान्ह ७.०७ला नव्हे, तर ७.१६ला.

तिसरा चराचा. मध्यान्हाच्या किती आधी सूर्य उगवला हे आता काढायचे. विषुववृत्तावर तो जवळजवळ सहा तास आधी उगवतो. तिथून उत्तरेला जावे तसा हिवाळ्यात दिवस आखडतो आणि उन्हाळ्यात वाढतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: गावाचा अक्षांश आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे, म्हणजे त्याची क्रांती. १५ जानेवारीला क्रांती दक्षिण २१.२ अंश असते. सूत्र असे आहे:

```
cos H = (sin(-0.833°) - sin φ · sin δ) / (cos φ · cos δ)
```

यात φ म्हणजे अक्षांश आणि δ म्हणजे क्रांती. उत्तरेची अधिक, दक्षिणेची उणे. आकडे घातले की H सुमारे ८४.१ अंश येतो. अंशाला चार मिनिटे धरून तो होतो ५ तास साडेछत्तीस मिनिटे. मध्यान्हाच्या ७.१६मधून हे वजा केले की ग्रीनिचच्या घड्याळात १ वाजून साडेएकोणचाळीस मिनिटे होतात. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवले की ७ वाजून साडेनऊ मिनिटे. हाच रत्नागिरीचा सूर्योदय.

कोड्याचे उत्तर या तिसऱ्या संस्कारात आहे. गडचिरोली रत्नागिरीच्या पूर्वेला आहे तशी उत्तरेलाही आहे. जानेवारीत तिथला दिवस रत्नागिरीपेक्षा लहान असतो, म्हणून सूर्योदय साडेपाच मिनिटांनी मागे पडतो. रेखांशाने दिलेल्या २७ मिनिटांतून तेवढी कापली जातात आणि २१ उरतात. जूनमध्ये तिथला दिवस मोठा असतो, सूर्योदय सहा मिनिटांनी पुढे येतो आणि २७ची ३३ होतात. छापील वेळेला फक्त रेखांशाची मिनिटे मिळवणारा माणूस वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपासच, बरोबर ठरतो.

दुसऱ्या संस्काराचा परिणाम तर पहाटे उठणाऱ्या कोणालाही जाणवतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. रत्नागिरीत २१ डिसेंबरला सूर्य ७.०२ला उगवतो आणि १५ जानेवारीला ७.०९ला. दिवस मोठा होऊ लागलेला असतो. मात्र वेलांतरामुळे मध्यान्हच रोज पुढे सरकत असतो, आणि सकाळी मिळालेली मिनिटे त्यात खर्ची पडतात.

सूत्रातल्या उणे ०.८३३ अंशाकडेही पाहायला हवे. सूर्योदय म्हणजे बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसणे, असे आजचे वेधशास्त्र मानते. बिंबाची त्रिज्या १६ कला. शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे क्षितिजाखाली असलेला सूर्य सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. दोन्ही मिळून ५० कला, म्हणजेच ०.८३३ अंश. एखाद्या पंचांगाने बिंबाचा मध्य धरला आणि वक्रीभवन सोडून दिले, तर रत्नागिरीचा तोच सूर्योदय सुमारे पावणेचार मिनिटे उशिरा येईल. दोन पंचांगांत असा सारखा तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर त्यांतले एक चूक आहे असे नाही. दोघांची सूर्योदयाची व्याख्या वेगळी आहे.

हे सारे मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी खरे आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात पूर्वेचा डोंगर क्षितिजापासून पाच अंश उंच असेल तर अंगणात ऊन वीस-पंचवीस मिनिटे उशिरा येते. अक्षांश-रेखांशाच्या दोन आकड्यांत डोंगर नसतो. शिवाय वक्रीभवन त्या सकाळच्या तापमानावर आणि हवेच्या दाबावरही अवलंबून असते. म्हणून एखादे अ‍ॅप सेकंदापर्यंत वेळ दाखवत असले तरी त्यातला मिनिटाचा आकडाच विश्वासाने घ्यावा.

मग घड्याळ

रत्नागिरीच्या उत्तरात शेवटी आपण साडेपाच तास मिळवले. ते भारताला लागू आहेत हे आपल्याला ठाऊक होते. जगातल्या कोणत्याही बिंदूसाठी हा आकडा कसा मिळवायचा? रेखांशाला १५ने भागावे, हा शाळेत शिकलेला उपाय समुद्रावर चालतो, जमिनीवर फसतो. सोलापूर आणि चीनमधले काशगर यांचे रेखांश जवळजवळ एकच आहेत, सुमारे ७५.९ आणि ७६.० अंश पूर्व. सूर्य दोन्हीकडे एकाच वेळी माथ्यावर येतो. सोलापूरच्या घड्याळात तेव्हा सरासरी १२.२६ होतात आणि काशगरच्या सरकारी घड्याळात २.५६. सारा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो, म्हणून जानेवारीच्या आरंभी काशगरमध्ये सूर्य उगवताना घड्याळात दहा वाजून गेलेले असतात.

त्यासाठी नकाशाच लागतो. टाइम झोनच्या सीमा दाखवणारा असा एक मुक्त नकाशा OpenStreetMap या लोकनिर्मित नकाशावरून तयार केला जातो. Timezone-boundary-builder हे त्या प्रकल्पाचे नाव. यात प्रत्येक टाइम झोन म्हणजे हजारो बिंदू जोडून झालेला एक बहुभुज. दिलेला बिंदू कोणत्या बहुभुजात पडतो हे संगणक सोप्या युक्तीने ठरवतो. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ काढायची आणि ती बहुभुजाची कड किती वेळा ओलांडते ते मोजायचे. विषम वेळा ओलांडली तर बिंदू आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर.

या शोधातून तासांचा आकडा नव्हे, तर एक नाव मिळते. रत्नागिरीसाठी Asia/Kolkata, न्यू जर्सीतल्या एडिसनसाठी America/New_York. नावाचे महत्त्व एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना पटकन पटेल. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. २०२६मध्ये हा रविवार १ नोव्हेंबरला आहे. ३१ ऑक्टोबरला एडिसनमध्ये सूर्य ७.२६च्या सुमारास उगवेल आणि दुसऱ्या दिवशी ६.२७ला. सूर्य एका मिनिटाने सरकला, घड्याळ एका तासाने. त्याच वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. महिनाभर आधी ‘एडिसन म्हणजे ग्रीनिचच्या चार तास मागे’ असे वहीत लिहून ठेवणाऱ्याचे दिवाळीचे सगळे मुहूर्त तासाभराने चुकतील. तासांचा फरक नाव आणि तारीख या दोन्हींवरून त्या त्या वेळी काढावा लागतो.

नाव आणि तारीख दिली की फरक सांगणारी एक जागतिक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तिची सुरुवात केली, आज पॉल एगर्ट ती सांभाळतात आणि IANA ही संस्था ती प्रसिद्ध करते. फोन आणि संगणक आपले घड्याळ याच नोंदवहीवरून लावतात. एखाद्या देशाने घड्याळाचा नियम बदलला की तिची नवी आवृत्ती निघते. त्यामुळे जुना, अद्ययावत न केलेला फोन सूर्य बरोबर काढतो आणि घड्याळ चुकवतो.

दोन कामांतला आणखी एक फरक सीमेवर दिसतो. बिहारमधले रक्सौल आणि पलीकडचे नेपाळमधले बीरगंज एकमेकांना लागून आहेत. सूर्य दोन्हीकडे काही सेकंदांच्या फरकाने उगवतो, मात्र नेपाळचे घड्याळ ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढे असते, म्हणजे आपल्या पंधरा मिनिटे पुढे. सूर्योदयासाठी अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत असले की पुरे, कारण अंशाचा शंभरावा भाग म्हणजे अवघी अडीच सेकंदे. सीमेजवळ टाइम झोन शोधताना मात्र तेवढ्याच एका किलोमीटरच्या चुकीने पाव तास चुकतो.

जुन्या तारखांचा घोळ

कुंडलीसाठी आजी-आजोबांच्या जन्मवेळेचा सूर्योदय काढायचा असतो तेव्हा घड्याळाचा प्रश्न आणखी अवघड होतो. सूर्याचे गणित १९४३सालीही तेच होते. घड्याळ मात्र तेव्हा वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२पासून ऑक्टोबर १९४५च्या मध्यापर्यंत भारताची घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. त्याआधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ या काळातही तसेच होते. जुने ज्योतिषी युद्धकाळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करतात तो यासाठीच. Asia/Kolkata या नावाखाली हे बदल नोंदलेले आहेत, त्यामुळे तारीख नीट दिली तर संगणक तो तास आपोआप धरतो.

मुंबईची अडचण मात्र तो सोडवत नाही. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ला सुरू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबईच्या लोकांनी तिला विरोध केला, आणि महापालिकेने जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५पर्यंत चालू ठेवली. ही वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे. एकाच शहरात दोन वेळा चालत होत्या. IANAच्या नोंदवहीत १९७०नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे एकसारखी आहेत त्यांना एकच नाव मिळते, आणि त्या नावाखालचा जुना इतिहास नावातल्या शहराचा असतो. Asia/Kolkataमध्ये मुंबई वेळ नाही. म्हणून १९३५च्या मुंबईच्या जन्मनोंदीवर ‘सकाळी ६.३०’ असे असेल तर ते कोणते घड्याळ, हे कागदांवरून किंवा घरातल्या आठवणीवरूनच ठरवावे लागते. अक्षांश-रेखांश तिथे उपयोगी पडत नाहीत.

चूक कशी ओळखावी

सर्वांत सोपी चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल. काही ठिकाणी अक्षांश आधी लिहितात, काही ठिकाणी रेखांश. रत्नागिरीचे आकडे उलटे पडले, ७३.३० अक्षांश आणि १६.९९ रेखांश झाले, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरमध्ये उगवत नाही. अ‍ॅपने ‘आज सूर्योदय नाही’ असे म्हटले की हीच शंका आधी घ्यावी. पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह विसरणे ही दुसरी चूक. एडिसनचा उणे ७४.४१ नुसताच ७४.४१ झाला तर बिंदू किर्गिझस्तान आणि चीनच्या सीमेजवळच्या डोंगरांत पडतो, आणि टाइम झोनचे नाव Americaऐवजी Asiaने सुरू होते. या दोन्ही चुका उघड दिसतात.

तिसरी लपून राहते. रत्नागिरी १६ अंश ५९ कला, ७३ अंश १८ कला अशी लिहिलेली असते. साठ कलांचा एक अंश, म्हणून दशांशात ते १६.९८ आणि ७३.३० होते. पण घाईत कोणी १६.५९ आणि ७३.१८ लिहिले, तर बिंदू विजयदुर्गासमोरच्या समुद्रात जातो. १५ जानेवारीच्या सूर्योदयात याने पाव मिनिटाचाही फरक पडत नाही, कारण बिंदू पश्चिमेला सरकल्याने झालेला उशीर दक्षिणेला सरकल्याने भरून निघतो. उत्तर पटण्यासारखे येते आणि चूक तशीच राहते. हिला एकच उपाय: आकडे नकाशावर टाकून बिंदू गावातच पडतो ना, ते डोळ्यांनी पाहणे.

बाकी सगळ्यासाठी घरबसल्या करता येणारा पडताळा आहे. अ‍ॅपमधला सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या आणि दोन्हींचा मध्य काढा. रत्नागिरीसाठी ७.०९ आणि ६.२३ यांचा मध्य १२.४६. भारतात कुठेही हा मध्य बारापासून किती पुढे असावा हे रेखांशावरून कळते: ८२.५ वजा ७३.३ म्हणजे ९.२ अंश, म्हणजे ३७ मिनिटे. त्यात वेलांतराची नऊ मिनिटे मिळवली की ४६. हा मध्य रेखांशाच्या हिशेबापासून सोळा मिनिटांहून अधिक ढळला असेल, तर दोष रेखांशात किंवा टाइम झोनमध्ये आहे. बरोबर अर्धा तास, पाव तास किंवा तासाचा फरक असेल तर टाइम झोनमध्येच. मध्य बरोबर असून दिवसाची लांबी, जी इथे ११ तास १३ मिनिटे आहे, विचित्र वाटली तर अक्षांश किंवा तारीख तपासावी. आणि मध्य, लांबी, दोन्ही बरोबर असूनही शेजारच्या पंचांगाशी तीन-चार मिनिटांचा फरक राहिला, तर ते पंचांग बिंबाची कड धरते की मध्य, हे त्याच्या सूचनांच्या पानावर पाहावे.